डब्लिनचा फतवा आणि घराचा हप्ता

बर्मिंगहॅममध्ये टॅक्सी चालवणारा एखादा मुसलमान समजा. बायको, तीन मुलं, भाड्याचं घर. दरमहा भाडं म्हणून जी रक्कम जाते, जवळपास तेवढ्याच हप्त्यात घर स्वतःचं होऊ शकतं. पण गृहकर्ज म्हटलं की व्याज आलं, आणि व्याज देणं-घेणं दोन्ही हराम. मग त्यानं जन्मभर भाडेकरूच राहायचं का?

मुस्लिम राजवट गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या ग्रंथांत या प्रश्नाचं सरळ उत्तर सापडत नाही. अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या मुसलमानांच्या अशा अडचणींचा धर्मशास्त्रीय विचार म्हणजे ‘फिक्ह अल-अकल्लियात’, अल्पसंख्याकांचा फिक्ह. हे नाव रूढ झालं १९९०च्या दशकात. अमेरिकेत स्थायिक झालेले इराकी विद्वान ताहा जाबिर अल-अलवानी आणि कतारमधले युसूफ अल-करजावी हे त्याचे दोन मोठे पुरस्कर्ते. १९९७ मध्ये लंडनमध्ये ‘युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्च’ स्थापन झाली. करजावी तिचे अध्यक्ष होते.

गृहकर्जाचा प्रश्न या परिषदेपुढे आला ऑक्टोबर १९९९ मध्ये, डब्लिनच्या बैठकीत. परिषदेनं आधी व्याज हरामच असल्याचं बजावलं. मुसलमानांनी बिनव्याजी पर्याय उभे करावेत, बँकांशी बोलणी करावीत, असंही सुचवलं. पण असा पर्याय नसेल तर व्याजाचं कर्ज घेऊन घर घ्यायला हरकत नाही, असा निर्णय दिला. अटी होत्या: घर स्वतःच्या कुटुंबाला राहण्यासाठीच हवं, दुसरं घर नसावं आणि कर्जाशिवाय घेता येईल एवढी शिल्लकही नसावी. थोडक्यात, टॅक्सीवाल्याला मुभा, पण भाड्यानं देण्यासाठी दुसरा फ्लॅट घेणाऱ्याला नाही.

यामागे दोन आधार होते. पहिला म्हणजे निकड निषिद्धालाही मुभा देते हा जुना नियम. उपासमारीनं मरणाऱ्याला निषिद्ध मांस चालतं, ती ‘जरूरत’. घर नसलं म्हणून माणूस मरत नाही, त्यामुळे ती ‘हाजत’, म्हणजे गरज. परिषदेनं ही गरज निकडीच्या पंक्तीला बसवली.

दुसरा आधार जास्त नाजूक होता. इस्लामी भूमीबाहेर, तिथल्या बिगर-मुस्लिमांशी त्यांच्या संमतीनं झालेल्या अशा व्यवहारांना इमाम अबू हनीफांनी मुभा दिली होती. त्यांचे शिष्य अबू युसूफ यांनाच ते पटलं नव्हतं. टीकाकारांनी तर नेमकं बोट ठेवलं: ती मुभा व्याज घेणाऱ्या मुसलमानासाठी होती, इथे तर मुसलमान व्याज देतो आहे! परिषदेच्या बाजूचं उत्तर असं की शेवटी घर मुसलमानाच्या मालकीचं होतं, म्हणजे फायदा त्याचाच. हा युक्तिवाद ओढूनताणून आणलेला वाटतो. शिवाय जुन्या ग्रंथांत त्या भूमीचं नाव ‘दार अल-हर्ब’, युद्धभूमी. जिथलं नागरिकत्व घ्यायचं, मतदान करायचं, त्याच देशाबद्दलच्या निर्णयाला हा टेकू! परिषदेच्या काही सदस्यांनी विरोध नोंदवला. सीरियाचे सईद रमजान अल-बूती यांना तर हा सगळा उद्योगच इस्लामचे तुकडे पाडणारा वाटला.

पुढे ब्रिटनमध्ये पर्यायच निघाला. बँक घर विकत घेते आणि नफा लावून ग्राहकाला हप्त्यांवर विकते, ही व्याजाऐवजीची पद्धत. अडचण होती ती मुद्रांक शुल्काची: विक्री दोनदा, म्हणून शुल्कही दोनदा. २००३ मध्ये ब्रिटिश सरकारनं हे दुहेरी शुल्क काढून टाकलं. आता टॅक्सीवाल्याला असं कर्ज परवडण्याजोग्या दरात मिळत असेल, तर डब्लिनच्या मुभेतली पहिलीच अट पुरी होत नाही.

हा पेच आपल्याकडे अनोळखी नाही. बचत खात्यावर जमा झालेलं व्याज बँकेत सोडू नये, काढून पुण्याची आशा न ठेवता गरिबांना द्यावं, असं अनेक भारतीय मुफ्ती सांगत आले आहेत.

घराच्या हप्त्यापेक्षा अवघड प्रश्न २००१ मध्ये आला. अफगाणिस्तानातल्या कारवाईत मुस्लिम सैनिकांनी भाग घ्यावा का, असं अमेरिकी सैन्यातल्या एका मुस्लिम धर्मोपदेशकानं अलवानींना विचारलं. त्यांनी तो करजावींसह अरब विद्वानांकडे पाठवला. २७ सप्टेंबरच्या त्या फतव्यानं परवानगी दिली. पिछाडीची सेवा मागून पाहावी, पण त्या मागणीनं देशनिष्ठेवर संशय येणार असेल तर मागू नये, असा त्याचा रोख होता. एका सैनिकाच्या नकारापायी तिथल्या सगळ्या मुसलमानांना झळ बसेल, ही भीती त्यामागे होती. पण बॉम्बफेक सुरू झाल्यावर खुद्द करजावींनीच आपलं मत फिरवलं.