परवाना कामगाराचा, परीक्षा मालकाची

समजा, चाकणच्या एका कारखान्यात आठ वर्षं सीएनसी मशीन चालवलेल्या मुलाला कॅनडातल्या ओंटारियोमधून नोकरीचं पत्र आलं. घरी पेढे आले, शेजाऱ्यांना कळलं. पण बहुतेक वेळा नुसत्या त्या पत्रावर वर्क परमिट मिळत नाही. या जागेसाठी कॅनडात माणूस मिळत नाही, हे आधी कंपनीला तिथल्या सरकारपुढे सिद्ध करावं लागतं. या तपासणीला तिथे ‘एलएमआयए’ म्हणतात आणि त्यात आपल्या मुलाला काहीच करायचं नसतं.

कंपनी सरकारच्या ‘जॉब बँक’ या संकेतस्थळावर आणि आणखी दोन ठिकाणी किमान चार आठवडे जाहिरात देते. जॉब बँक स्थानिक उमेदवारांना जागेशी जुळवून तारे देते. जास्त पगाराच्या जागेसाठी पहिल्या तीस दिवसांत चार किंवा अधिक तारे मिळालेल्या प्रत्येकाला अर्ज करायचं निमंत्रण धाडावंच लागतं. किती अर्ज आले, कोणाला का नाकारलं, हे सगळं अर्जात लिहून द्यावं लागतं. ‘योग्य वाटला नाही’ एवढ्यावर भागत नाही. ‘पाच अक्षांची मशीन कधी चालवलेली नाही’ असं नेमकं कारण लागतं. जाहिरातीत मराठी किंवा हिंदी यायलाच हवी अशी अट घातली, तर ठरलेल्या माणसासाठीच ती रचली असा संशय येणारच. इंग्रजी-फ्रेंचखेरीज दुसरी भाषा मागायची, तर ती कामालाच लागते हे दाखवावं लागतं.

पगारही तपासला जातो. त्या भागात त्या कामाला जो दर चालतो, त्याहून कमी देता येत नाही. नाहीतर परदेशी माणूस स्वस्त पडतो म्हणूनच आणला जाईल. या अर्जाची फी जागेमागे 1,000 डॉलर. ती मालकानेच भरायची, कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे. तरीही आपल्याकडे ‘एलएमआयए काढून देतो’ म्हणत लाखो रुपये मागणारे भेटतात.

मंजुरीचं पत्र कंपनीला मिळतं. त्याची प्रत, नोकरीचं पत्र आणि करार जोडून मुलगा परवान्याचा अर्ज करतो. इथे दुसरं खातं, दुसरी तपासणी. पहिल्या खात्याने जागा पाहिली, हे माणूस पाहतं. अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं ‘ऑपरेटर’ लिहिलेलं असेल आणि नोकरी कुशल मशिनिस्टची असेल, तर मंजूर एलएमआयए असूनही नकार येऊ शकतो. म्हणून दाखल्यात कोणती मशीन, कोणतं काम, किती वर्षं, हे लिहून घ्यावं.

मिळालेला परवाना त्याच मालकाशी बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर नवा परवाना, आणि नव्या मालकाला बहुधा पुन्हा सगळी जाहिरातबाजी.

खरंखोटं पाहायची एक साधी युक्ती आहे. एलएमआयएचा निकाल लागेपर्यंत कंपनीला किमान एका ठिकाणी जाहिरात चालू ठेवावीच लागते. एजंट ‘अर्ज आत गेलाय’ म्हणाला, की ती जाहिरात कुठे आहे ते विचारावं आणि तिच्यातला पगार आपल्या पत्रातल्या पगाराशी ताडून पाहावा.