सोनोग्राफीत यकृतावर ‘गाठ’ दिसली, म्हणजे नेमके काय?

पित्ताशयात खडे आहेत का, हे पाहण्यासाठी ४२ वर्षांच्या महिलेची सोनोग्राफी झाली, असे समजा. खडे नाहीत, पण रिपोर्टमध्ये एक ओळ आहे : यकृताच्या उजव्या भागात १८ मिलीमीटरची ‘हायपरएकोइक लीजन’, बहुधा हिमँजिओमा. ‘लीजन’ हा शब्द वाचताच घरात कॅन्सरची चर्चा सुरू होते.

हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. यकृतातील साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठींमध्ये हीच सर्वाधिक आढळते आणि महिलांमध्ये तिचे प्रमाण जास्त असते. गुंत्यातील असंख्य पातळ भिंतींवरून ध्वनिलहरी परत फिरतात, त्यामुळे पडद्यावर ती पांढरी, एकसारखी आणि रेखीव कडांची दिसते. तिचे रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही. आकार ३ सेंटीमीटरपेक्षा कमी, रूप असे ठरावीक, यकृत निरोगी आणि पूर्वी कधी कॅन्सर झालेला नाही, एवढे जुळले तर सहसा पुढची तपासणी लागत नाही. वरील महिलेला ना औषध लागेल, ना पथ्य. (गाठ विरघळवण्याचा दावा करणाऱ्या काढ्यांवर पैसे घालवू नयेत.)

सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून ती पूर्ण काळी दिसते. भिंत पातळ, आत पडदे नाहीत आणि त्रासही नाही, तर तिला हात लावण्याची गरज नसते.

मग पुढचे स्कॅन कधी? यकृताला सिरॉसिस असेल, जुना हिपॅटायटिस बी असेल किंवा शरीरात इतरत्र कॅन्सर झालेला असेल, तर तशीच पांढरी गाठसुद्धा गृहीत धरून चालत नाही. फॅटी लिव्हरमध्ये वेगळाच घोळ होतो. चरबीमुळे सगळे यकृतच पांढरे दिसते आणि त्यावर हिमँजिओमा उलट काळपट उमटतो. अशा वेळी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय किंवा सीटी स्कॅन करतात. हिमँजिओमात औषध आधी कडेला ठिपक्याठिपक्यांनी भरते, मग सावकाश मध्याकडे सरकते. ही खूण दिसली की निदान जवळपास पक्के होते. रक्तस्रावाचा धोका असल्याने, हिमँजिओमाची शंका असताना सुई घालून तुकडा काढणे टाळतात.

सिस्टमध्ये पडदे, जाड भिंत किंवा घट्ट भाग दिसला तर तपास हवाच. कुत्र्या-मेंढ्यांच्या सहवासात राहणाऱ्यांमध्ये ती हायडॅटिड, म्हणजे जंताची सिस्ट असू शकते. तशी शंका असताना पूर्वतयारीशिवाय सुई घातली आणि आतले पाणी सांडले, तर तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि आजार पोटात पसरू शकतो.

गाठ खूप मोठी असेल आणि त्यामुळे पोट दुखत असेल किंवा थोडे खाल्ल्यावरच पोट भरत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मात्र त्याआधी दुखण्याचे कारण अ‍ॅसिडिटी किंवा पित्ताशय तर नाही ना, हे तपासून घ्यावे लागते. अनेकदा गाठीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. जुना सोनोग्राफी रिपोर्ट घरात असेल तर तो डॉक्टरांना जरूर दाखवा. तीच गाठ काही वर्षांपूर्वीही तेवढीच होती, हे कळले तर नव्या स्कॅनचा खर्च वाचू शकतो.