दोन दिवसांचं बाळ, वय वर्षं दोन

३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री दक्षिण कोरियात एक मूल जन्मलं असं समजू. जुन्या कोरियन रीतीने ते जन्मतःच एक वर्षाचं. या रीतीत वय वाढतं ते वाढदिवसाला नव्हे, तर १ जानेवारीला, सगळ्या देशाचं एकदम. म्हणजे दुसऱ्याच दिवशी ते बाळ दोन वर्षांचं झालं! आपल्या हिशेबाने त्याचं वय शून्य.

फरक काढणं सोपं आहे. त्या वर्षीचा वाढदिवस झाला असेल तर आपल्या वयात एक मिळवायचा, झाला नसेल तर दोन. या रीतीत शून्य नाही. आयुष्यातलं कितवं कॅलेंडर वर्ष चालू आहे, एवढंच ती सांगते. त्यामुळे एकाच वर्षी जन्मलेले सगळे कायम समवयस्क राहतात. कोरियन भाषेत बोलताना कोणाला किती मान द्यायचा हे वयावर ठरतं, तिथे ही सोय मोठी होती.

घोळ व्हायचा तो करारांत आणि औषधाच्या मात्रेत. ‘सहा वर्षं’ म्हणजे नेमकी कोणती? म्हणून २८ जून २०२३ पासून सरकारी आणि कायदेशीर कामांत जन्मतारखेवरून मोजलेलं वयच प्रमाण मानतात. मला हा निर्णय योग्य वाटतो. दारू-तंबाखूच्या खरेदीसाठी आणि लष्करी सेवेसाठी मात्र तिसरी पद्धत कायम आहे: चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करायचं.