दोन हातांचा पीळ

स्टेपनी बदलताना चाकाचा नट एल पान्याने सोडवा आणि मग क्रॉस पान्याने सोडवून पाहा. एल पान्यावर एकाच बाजूला वजन टाकावं लागतं, पाना नटावरून घसरू पाहतो आणि नटाच्या कडा झिजतात. क्रॉस पान्यावर डावा हात खाली दाबतो, उजवा वर ओढतो आणि नट नुसता फिरतो. समान, समांतर पण विरुद्ध दिशेच्या अशा दोन बलांच्या जोडीला बलयुग्म म्हणतात.

समजा, प्रत्येक हाताचा जोर 200 न्यूटन आहे, म्हणजे साधारण वीस किलोच्या वजनाएवढा, आणि दोन हातांत अर्धा मीटर अंतर आहे. नटाच्या मध्याभोवती मोजलं तर प्रत्येक हाताचे 50 मिळून 100 न्यूटन-मीटर होतात. आता उजव्या हाताच्या जागेभोवती मोजू. उजव्याचं अंतर शून्य, डाव्याचं अर्धा मीटर, म्हणजे पुन्हा 100. उजव्या हाताच्याही पलीकडे एक मीटरवर, रस्त्यावरच्या एखाद्या दगडाभोवती मोजलं, तर डावा हात 300 देतो, उजवा उलट दिशेने 200. उरतात 100च.

बिंदू जितका सरकवाल तितकंच अंतर दोन्ही बलांसाठी बदलतं. बलं समान आणि उलट असल्यामुळे एकाच्या आघूर्णात जेवढी भर पडते, तेवढीच दुसऱ्यामुळे वजा होते. शिल्लक राहतं ते फक्त बल गुणिले दोघांमधलं अंतर, आणि त्यात निवडलेल्या बिंदूचा संबंधच नाही. उजवा हात 150च लावत असेल, तर मात्र 50 न्यूटनचं एकटं बल उरतं आणि उत्तर बिंदूगणिक बदलतं. दोन जागांभोवती मोजून उत्तरं जुळली नाहीत, तर ते बलयुग्म नाही असं खुशाल समजावं.

याचा मला सर्वांत आवडणारा उपयोग तुळईच्या गणितात आहे. दोन मीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर तुळई आहे आणि तिच्यावर कुठेतरी 100 न्यूटन-मीटरचा पीळ बसतो आहे. विद्यार्थी हमखास त्या पिळाचं टेकूपासूनचं अंतर मोजून गुणाकार करतात, आणि तिथेच चुकतात. त्या अंतराची गरजच नाही. पिळाला पीळच तोलतो, म्हणून टेकूंनीही बलयुग्मच द्यायला हवं: 100 भागिले 2, म्हणजे प्रत्येकी 50 न्यूटन, एक वर, एक खाली. पीळ मध्यावर असो की टोकाला, टेकूंवर फरक पडत नाही. खाली ओढण्याची पाळी ज्या टेकूवर येते, तिथे तुळईच्या वजनाने हे 50 न्यूटन भरून निघत नसतील, तर बोल्ट लागतोच.

तुळई वाकते किती, हा प्रश्न मात्र वेगळा. तिथे पिळाची जागा मोजावीच लागते. तो मध्यावर असेल तर तुळईतलं वाकवणारं आघूर्ण कुठेही 50 न्यूटन-मीटरच्या वर जात नाही; टेकूपाशी असेल तर तिथे ते पूर्ण 100 होतं.