स्थूल रुग्णांची ऊर्जागरज आणि ‘समायोजित’ वजनाचा हिशेब

नळीवाटे किंवा शिरेवाटे ज्यांचे पोषण करावे लागते अशा रुग्णांना दिवसाला किती उष्मांक द्यावयाचे, हे ठरविताना आहारतज्ज्ञ प्रथम त्यांचे वजन विचारात घेतो. सामान्य बांध्याच्या रुग्णाच्या बाबतीत हा व्यवहार सरळ असतो. स्थूल रुग्णाच्या बाबतीत मात्र कोणते वजन घ्यावयाचे, असा प्रश्न उभा राहतो. काट्यावर दिसणारे वजन घेतले तर हिशेब फुगतो, आणि उंचीवरून काढलेले ‘आदर्श’ वजन घेतले तर तो आखडतो. या दोहोंमधील तडजोड म्हणून समायोजित वजनाची योजना प्रचारात आली. आदर्श वजनात जास्तीच्या वजनाचा चौथा हिस्सा मिळवावा आणि येणारा आकडा सूत्रात घालावा, अशी ही रीत आहे. हा चौथा हिस्सा कोठून आला आणि तो कितपत टिकतो, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

ज्या सूत्रासाठी ही योजना मुख्यतः वापरली जाते ते हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचे होय. बॉस्टन येथील कार्नेगी संस्थेच्या पोषण-प्रयोगशाळेतील मोजमापांच्या आधारे त्यांनी ते १९१८-१९ मध्ये प्रसिद्ध केले. १३६ निरोगी पुरुष व १०३ निरोगी स्त्रिया यांच्या विश्रांतिकालीन ऊर्जाव्ययावरून ते बसविलेले आहे. पुरुषांसाठी ते असे: ६६.५ + (१३.७५ × वजन किलोग्रॅममध्ये) + (५.००३ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (६.७५५ × वय वर्षांत). यातील १३.७५ हा आकडा विशेष ध्यानात ठेवावा. वजनातील प्रत्येक किलोमागे दिवसाला पावणेचौदा उष्मांक, असा त्याचा अर्थ होतो. परंतु त्या मंडळींचा किलो हा स्नायू, अवयव, अस्थी आणि थोडा मेद यांच्या नेहमीच्या मिश्रणाचा किलो होता. स्थूल माणसाचा जास्तीचा किलो तसा नसतो. त्यात मेदाचाच भाग मोठा असतो. म्हणूनच हे सूत्र जसेच्या तसे लावल्यास उत्तर वाजवीपेक्षा मोठे येते.

एक उदाहरण घेऊ. रुग्ण ४८ वर्षांचा पुरुष, उंची १७० सेंटिमीटर, वजन १३० किलो. डिव्हाइन यांच्या नियमाप्रमाणे (पाच फुटांना ५० किलो आणि पुढील प्रत्येक इंचास २.३ किलो) त्याचे आदर्श वजन सुमारे ६६ किलो येते. जास्तीचे वजन ६४ किलो, त्याचा चौथा हिस्सा १६, म्हणून समायोजित वजन ८२ किलो. आता सूत्रात प्रत्यक्ष वजन घातले तर २,३८० उष्मांक येतात, समायोजित घातले तर १,७२०, आणि आदर्श घातले तर १,५००. एकाच माणसाच्या विश्रांतिकालीन गरजेविषयी केवळ वजनाच्या निवडीमुळे जवळजवळ नऊशे उष्मांकांचे अंतर पडते.

चौथ्या हिश्श्याचे समर्थन सामान्यतः असे केले जाते, की जास्तीच्या वजनापैकी सुमारे २५ टक्केच चयापचयदृष्ट्या क्रियाशील असते. हा आकडा बहुधा १९८४ मधील मूत्रपिंडविकारांच्या क्षेत्रातील अमेरिकन आहारतज्ज्ञांच्या एका वार्तापत्राकडे नेला जातो. एखाद्या मोठ्या प्रयोगातून तो निघालेला नाही. त्याची परीक्षा मात्र आपणांस घरबसल्या करता येते. जास्तीच्या प्रत्येक किलोचा चौथा हिस्साच धरावयाचा, म्हणजे त्या किलोला १३.७५ भागिले ४, अर्थात सुमारे ३.४ उष्मांक द्यावयाचे. आता ऊतींच्या ऊर्जाव्ययाचे मान्य आकडे असे आहेत की, विश्रांतीत एक किलो मेदऊती दिवसाला सुमारे ४.५ उष्मांक खर्च करते, स्नायू सुमारे १३, तर यकृत सुमारे २००. तेव्हा जास्तीचे सारे ६४ किलो निव्वळ मेद मानले तरीही चौथ्या हिश्श्याचा हिशेब तोकडाच पडतो! आणि ते निव्वळ मेद नसतेच. तो भार वाहणारे स्नायू, वाढलेले रक्त, मोठे झालेले हृदय हेही त्यात असते. समजा, तीन हिस्से मेद आणि एक हिस्सा स्नायू धरला, तर किलोमागे सुमारे ६.६ उष्मांक होतात, म्हणजे १३.७५ चा जवळजवळ निम्मा भाग. आपल्या रुग्णाची गरज मग १,९२० च्या आसपास येते. काही ठिकाणी २५ टक्क्यांऐवजी ४० किंवा ५० टक्के घेतात, त्यामागील कारण यावरून समजण्यासारखे आहे. २५ टक्क्यांनी अधिक अंदाजाचा दोष जातो खरा, पण त्याच्या जागी उण्या अंदाजाचा दोष येण्याचा संभव राहतो.

दुसरी अडचण नियमाच्या सीमारेषेची आहे. आदर्श वजनाच्या १२५ टक्क्यांपुढे समायोजन करावे, असा एक प्रघात आहे. आपल्या रुग्णाच्या उंचीला ही सीमा ८२.५ किलो येते. याच उंचीच्या ८२ किलोच्या माणसाचे वजन ८२ च धरले जाईल. ८४ किलोच्या माणसाचे मात्र ७०.५ धरले जाईल. म्हणजे दोन किलोंनी जड असलेल्या माणसाला सुमारे १५८ उष्मांक कमी! शरीरात अशी पायरी कोठेही नसते. ती केवळ नियमातील आहे. सीमेजवळच्या रुग्णाचा हिशेब दोन्ही रीतींनी करून पाहावा हे बरे.

तिसरी चूक अधिक वेळा घडते, ती म्हणजे समायोजित वजन भलत्या सूत्रात घालण्याची. मिफ्लिन व सेंट जिऑर यांचे १९९० मधील सूत्र बसविताना स्थूल व्यक्तींचाही समावेश केलेला होता, आणि त्यात किलोमागे १० उष्मांकच धरलेले आहेत. ते प्रत्यक्ष वजनानेच वापरावयाचे असते. आपल्या रुग्णास ते सुमारे २,१३० उष्मांक सांगते. त्यात ८२ किलो घातल्यास १,६५० च्या आत उत्तर येते. एकाच कारणासाठी दोनदा वजावट होते ती अशी.

गंभीर आजाराची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथे गरज मोजणे आणि पुरवठा ठरविणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. श्वासातील प्राणवायू व कर्बद्विप्राणिल वायू मोजून ऊर्जाव्यय काढण्याची अप्रत्यक्ष उष्मामापनाची पद्धत उपलब्ध असेल तर तीच प्रमाण मानावी, याबद्दल दुमत नाही. ती नसेल तर २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने, देहभारांक ३० ते ५० असता, प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे ११ ते १४ उष्मांक सुचविले आहेत. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने समायोजित वजनाचा आधार घेतला आहे. आपल्या रुग्णाचा देहभारांक ४५ असल्याने अमेरिकन रीतीने १,४३० ते १,८२० उष्मांक येतात. हे आकडे हेतुपुरस्सर कमी ठेवलेले आहेत, कारण अतिपोषणाने रक्तशर्करा चढते, यकृतात मेद साचतो, आणि कर्बद्विप्राणिल वायू वाढून कृत्रिम श्वसनयंत्रावरून रुग्णास सोडविणे लांबते. मात्र प्रथिनांत ही काटकसर चालत नाही. त्यांचा हिशेब आदर्श वजनावर, किलोमागे २ ते २.५ ग्रॅम असा स्वतंत्र करतात. आपल्या रुग्णास देहभारांकामुळे वरची मर्यादा, म्हणजे सुमारे १६५ ग्रॅम, लागू होईल. उष्मांक कमी केले म्हणून प्रथिनेही त्याच प्रमाणात कमी झाली, तर मेदाबरोबर स्नायूही झिजतात, आणि मोठ्या देहामुळे ही झीज डोळ्यांना दिसत नाही.

अंगावर सूज असल्यास काट्यावरील वजनात पाणीही येते. १० किलो पाणी असेल तर प्रत्यक्ष वजनाच्या हिशेबात सुमारे १३७ उष्मांकांची चूक होते, समायोजित हिशेबात सुमारे ३४ ची. योजनेचा हा एक अनपेक्षित लाभ म्हणावयाचा. तरीही सुजेपूर्वीचे वजन नातलगांना विचारून घेणे अधिक चांगले.

राहता राहिला शब्दाचा प्रश्न, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष त्याकडे जाणे स्वाभाविकच आहे. ‘आदर्श’ या विशेषणात नैतिक छटा आहे. पण डिव्हाइन यांनी तो नियम १९७४ मध्ये जेंटामायसिन या औषधाच्या मात्रेसंबंधी लिहिताना दिला होता, आरोग्याचा आदर्श म्हणून नव्हे. ‘समायोजित’ हे विशेषण तर घाईत गळूनच पडते. रुग्णपत्रिकेवर ‘वजन ८२ किलो’ एवढेच उरते, आणि दुसऱ्या पाळीतील डॉक्टर ते काट्यावरचे समजून औषधाची मात्रा काढतो, किंवा आहारतज्ज्ञ त्याच्यावर पुन्हा समायोजन करून ७० किलोंवर येतो. यासाठी पत्रिकेवर प्रत्यक्ष वजन, ते मोजल्याची तारीख आणि समायोजित वजन ही तीन वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीत, आणि कोणता हिस्सा धरला, २५ टक्के की ४० टक्के, हेही त्यापुढे नोंदवावे.