सादळलेली पट्टी

पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की चुरमुरे संध्याकाळपर्यंत सादळतात. दाताखाली कुरकुर झाली नाही की लगेच कळतं. ग्लुकोमीटरची पट्टीही अशीच सादळते, पण तिचा रंगरूप बहुधा बदलत नाही. ती यंत्रात घातली, थेंब लावला की पडद्यावर नेहमीसारखा ठसठशीत आकडा येतो. चूक असेल तर ती त्या आकड्यातच लपलेली असते.

पट्टीच्या टोकाशी रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया करणाऱ्या विकराचा सुकवलेला थर असतो. सोबत एक रसायन असतं, ते या क्रियेतून सुटणारे इलेक्ट्रॉन यंत्रापर्यंत पोहोचवतं. यंत्र मोजतं तो हा बारीकसा विद्युतप्रवाह. उष्णतेनं आणि ओलीनं विकर दुबळा झाला की प्रवाह कमी पडतो आणि शुगर खऱ्यापेक्षा कमी दिसते. काही पट्ट्यांत उलटं घडतं. ओलीमुळे दुसरं रसायन रक्त लागण्याआधीच थोडं बदलून बसतं आणि आकडा फुगतो. त्यामुळे ‘जुनी पट्टी दहा-वीस जास्तच दाखवते, तेवढे वजा करायचे’ हा घरगुती हिशेब चालत नाही. त्या फुगलेल्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवून घेतलं, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते.

ओल डबीत शिरते कशी? पट्ट्यांच्या डबीच्या आत किंवा झाकणात ओल शोषून घेणारं द्रव्य बसवलेलं असतं. कारखान्यात बंद झालेली डबी म्हणजे एक छोटी कोरडी खोलीच. झाकण उघडलं की बाहेरची हवा आत येते. जुलैत रत्नागिरीला 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर एक लिटर हवेत सुमारे 26 मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते. 24 अंशांच्या, 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ती जेमतेम 11 मिलिग्रॅम भरते. द्रव्य दर वेळी आत आलेली वाफ टिपतं, पण त्याची कुवत संपणारी असते. उघडलेल्या डबीला वेगळी मुदत असते ती म्हणूनच. काही कंपन्या तीन महिने देतात, काही सहा, काही छापील तारखेपर्यंत. आपल्या डबीचं उत्तर तिच्या सोबतच्या कागदावर असतं.

समजा, एका घरात आजोबांची शुगर आठवड्यातून दोनदा तपासतात. 50 पट्ट्यांची डबी 10 जुलैला उघडली आणि तिची मुदत तीन महिन्यांची आहे. 10 ऑक्टोबरपर्यंतच्या तेरा आठवड्यांत 26 पट्ट्या संपतील आणि 24 उरतील. छापील तारीख पुढच्या वर्षाची असली तरी त्या चोवीस बाद. या घराला 25 पट्ट्यांची डबीच परवडते. ती साडेबारा आठवड्यांत संपते. उघडल्याची तारीख पेननं डबीवरच लिहावी. खोक्यावर लिहिली तर खोकं आधी रद्दीत जातं.

बहुतेक पट्ट्यांची वरची मर्यादा 30 अंश असते. डबीवरच्या थर्मामीटरच्या चिन्हाशेजारी ती छापलेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात घरातही ती ओलांडली जाते, उन्हात उभ्या गाडीत तर विचारायलाच नको. मग सुचतो तो फ्रीज. पण गार डबी बाहेर आणून उघडली, की थंड पेल्याला सुटतो तसा घाम पट्ट्यांना सुटतो. माठाशेजारची जागाही गार खरी, पण ओली. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीतलं कपाट बरं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, एक पट्टी काढावी आणि झाकण ‘टक्’ वाजेपर्यंत दाबावं. प्रवासाला चार पट्ट्या कागदात गुंडाळून नेण्याची हौस फार जणांना असते, पण त्या चार पट्ट्यांना ओल शोषणारं काहीच राहत नाही.

लॅन्सेटचं गणित वेगळं. पोलादी सुई दमट हवेनं लगेच बिघडत नाही. जपायचं असतं ते तिचं निर्जंतुक टोक. टोकावरची प्लॅस्टिकची टोपी पिळून तोडेपर्यंतच ते निर्जंतुक असतं. पर्समध्ये टोपी निघालेली, पाकीट भिजलेलं किंवा तारीख उलटलेली सुई टाकून द्यावी. एकदा टोचलेली सुईही पेनमध्ये पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद बाटलीत साठवाव्यात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या हातांना त्या टोचत नाहीत.

डबीबद्दल शंका आली, तर त्याच कंपनीचं कंट्रोल सोल्यूशन वापरता येतं. त्यात ग्लुकोज ठरावीक असतं. रक्ताऐवजी त्याचा थेंब लावायचा आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का ते पाहायचं. नव्या पट्टीवरही तो बाहेरच गेला, तर ती डबी वापरू नये. कंट्रोल सोल्यूशनच्या बाटलीलाही उघडल्यानंतरची मुदत असते. तिच्यावरही तारीख लिहून ठेवा.