काम तुमचं, नाव दुसऱ्याचं: जर्मनीतल्या ऑफिसात काय करावं?

समजा, तुम्ही श्टुटगार्टच्या एका कंपनीत चाचणी विभागात आहात. पंपाचा आवाज नेमका कुठल्या बेअरिंगमुळे येतो, हे तुम्ही महिनाभर मोजमापं घेऊन शोधलंत. सोमवारच्या मीटिंगमध्ये सहकारी तुमचाच आलेख पडद्यावर लावतो आणि सांगतो, "मला असं आढळलं."

तिथेच आरोप करू नका. कामातला असा तपशील सांगा, जो काम करणाऱ्यालाच ठाऊक असतो: "या आलेखाबाबत एक लक्षात घ्यायला हवं. 80 अंशांच्या वर मी अजून चाचणी घेतलेली नाही." काम कोणाचं, हे सगळ्यांना कळतं आणि कोणी अपमानित होत नाही.

एक-दोन दिवसांत त्याला एकट्याला गाठा. जर्मनीत अशा दोघांतल्या बोलण्याला ‘फीअर-आउगेन-गेश्प्रेख’ म्हणतात आणि ते स्पष्ट असलं तरी कोणाला खटकत नाही. उलट आडून सुचवलेलं बऱ्याचदा पोहोचतच नाही. घडलेली एकच गोष्ट आणि एकच मागणी ठेवा: "सोमवारचा आलेख माझ्या चाचणीचा होता. पुढच्या वेळी स्लाइडवर माझं नाव असू द्या." ‘तुम्ही नेहमीच असं करता’ म्हटलंत की वाद त्याच्या स्वभावावर जातो. एवढं बोलून थांबा आणि ऐका. कदाचित त्याला ती स्लाइड साहेबांकडून बिननावाची आली असेल. पहिल्याच ईमेलमध्ये मात्र साहेबांना सीसीत घेऊ नका. त्याला ती तक्रारच वाटेल आणि चूक निमूट सुधारण्याची वाट बंद होईल.

मग मीटिंगचं इतिवृत्त, म्हणजे ‘प्रोटोकोल’, बघा. कोणी काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यात ‘मोजमापं’ या कामापुढे आपलं नाव घालायला सांगणं ही साधी दुरुस्ती आहे.

शोध पेटंट घेण्याजोगा असेल, तर जास्त जपायला हवं. कर्मचाऱ्यांच्या शोधांविषयीच्या 1957च्या कायद्यानुसार शोधाची माहिती मालकाला विनाविलंब लेखी द्यावी लागते. ईमेलही चालतो. त्यात सहकाऱ्यांनी काय आणि किती काम केलं आणि आपला वाटा कोणता, हे नोंदवणं अपेक्षित असतं. मोबदला ठरवताना प्रत्येकाचा वाटा पाहिला जातो, म्हणून ही नोंद दुसऱ्यावर सोडू नका. शक्य असेल तर दोघांनी मिळून एकच पत्र द्या. त्याचा खरा वाटाही त्यात प्रामाणिकपणे लिहा; वाटणीचं बोलणं तिथेच शांतपणे होऊन जातं.

बोलूनही तेच पुन्हा घडलं, तर तारखा आणि फाइली घेऊन साहेबांकडे जा. तेवढ्यानं भागलं नाही, तर कामगार-प्रतिनिधित्व कायद्याचं कलम 84 आहे. सहकाऱ्यांकडून अन्याय होत असेल तरी त्याखाली कंपनीत तक्रार करता येते, सोबत ‘बेट्रीब्सराट’चा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या निवडून आलेल्या मंडळाचा, एक सदस्य नेता येतो आणि तक्रार केली म्हणून नुकसान करायला मनाई आहे. मात्र असं मंडळ प्रत्येक कंपनीत नसतं. आपल्याकडे ते आहे का, हे आधीच विचारून ठेवा.